साक्ष हवी, निकाल नको

भाड्याने घर देणारे आणि अशा घरांत उतरणारे एकत्र आले की एक वाद हमखास पेटतो. पाहुणा घर सोडून गेल्यावर यजमानाने त्याच्याबद्दल जाहीर अभिप्राय लिहावा का, आणि लिहिलाच तर खरकट्या भांड्यांचा आणि मोडलेल्या नियमांचा त्यात उल्लेख करावा का? एक बाजू म्हणते, पैसे मोजून राहिलेल्या माणसाला मार्क देणारे तुम्ही कोण? दुसरी म्हणते, असल्या लोकांना चव्हाट्यावर आणल्याशिवाय ते सुधारायचे नाहीत. दोघेही तावातावाने बोलतात, आणि दोघांची चूक एकच आहे. अभिप्राय म्हणजे त्या माणसावर दिलेला निकाल, हे दोघांनीही न तपासता धरून चाललेलं असतं. एकाला तो निकाल देण्याचा अधिकारच नामंजूर आहे, दुसऱ्याला तो जितका कडक तितका बरा वाटतो.

माझं म्हणणं असं, की यजमानाने लिहावं, प्रत्येक पाहुण्याबद्दल लिहावं, पण साक्षीदार बोलतो तसं लिहावं. घर कोणत्या अवस्थेत मिळालं, कोणता नियम पाळला गेला, कोणता नाही, आणि सांगितल्यावर पाहुण्याने काय केलं, एवढंच. त्याचं वळण, संस्कार, स्वभाव यांवर एक अक्षरही नको. कारण हा मजकूर पाहुण्याला धडा शिकवण्यासाठी नसतो आणि लिहिणाऱ्याच्या मनाची वाफ जावी म्हणूनही नसतो. तो वाचतो पुढचा यजमान. अनोळखी नावाची विनंती त्याच्यासमोर आलेली असते आणि हो की नाही ते त्याला थोड्या वेळात ठरवायचं असतं. माणूस चांगला की वाईट, हा त्याचा प्रश्नच नसतो. हे लोक निघून गेल्यावर माझं घर कसं सापडेल, एवढंच त्याला हवं असतं.

आपल्या भाषेने या वादात थोडा घोळ घातला आहे, हेही सांगून टाकतो. ‘पाहुणा’ या शब्दात पैसे नाहीत. पाहुण्याने चादरीवर चहा सांडला तर आपण ‘असू दे’ म्हणतो आणि तो गेल्यावर धुतो. भाड्याने राहणाऱ्यालाही तोच शब्द लावल्यामुळे त्याच्याविषयी खरं बोलणं उद्धटपणाचं वाटतं. उलट ‘यजमान’ म्हणवून घेणाऱ्याला आपण काही उपकार करतो आहोत असं वाटू लागतं. दोन्ही भास आहेत. हा लेखी अटींवर झालेला व्यवहार आहे आणि अभिप्राय हा त्या अटींविषयीचा जबाब आहे.

व्यवस्था कशी चालते, ते एअरबीएनबी या थोड्या दिवसांसाठी घरं भाड्याने मिळणाऱ्या संकेतस्थळाच्या उदाहरणावरून पाहू. मुक्काम संपल्यावर दोन्ही बाजूंना अभिप्राय लिहायला 14 दिवस मिळतात. यजमान पाहुण्याला तीन गोष्टींसाठी तारे देतो: स्वच्छता, घराच्या नियमांचं पालन आणि संवाद. सोबत जाहीर मजकूर असतो, आणि फक्त पाहुण्यालाच दिसेल असा खासगी निरोपही लिहिता येतो. 2014 पासून एक महत्त्वाची सोय आहे. दोघांचंही लिहून होईपर्यंत किंवा 14 दिवस संपेपर्यंत कोणाचंच लिखाण उघड होत नाही. समोरच्याने काय लिहिलं ते वाचून उट्टं काढायची वाट त्यामुळे बरीचशी बंद झाली. तिकडे पुन्हा येईन.

आता एक प्रसंग घेतो. तो माझ्या वाट्याला आलेला आहे आणि बऱ्याच यजमानांच्या ओळखीचा असेल. दोन खोल्यांचं घर, चार जणांचं बुकिंग, तीन रात्री. जाहिरातीतच लिहिलेले नियम असे: बुकिंगमध्ये असतील तेवढ्यांनीच रात्री राहावं, घरात आणि बाल्कनीत धूम्रपान नको, रात्री दहानंतर शांतता, वापरलेली भांडी घासून ठेवावीत, सकाळी अकरापर्यंत घर सोडावं. दुसऱ्या रात्री दहा पन्नासला शेजाऱ्यांचा निरोप आला, बाल्कनीत मोठ्याने गाणी चालू आहेत. मी पाहुण्याला कळवलं. अकराला त्याचं ‘सॉरी’ आलं आणि शेजाऱ्यांनीही आवाज थांबल्याचं सांगितलं. निघण्याच्या दिवशी सफाईच्या बाई अकराला येऊन दाराबाहेर थांबल्या. मंडळी बाहेर पडली बारा वीसला, आधी काहीही न कळवता. आत ओट्यावर आणि सिंकमध्ये वाळून घट्ट झालेली भांडी, शेगडीवर उतू जाऊन करपलेलं काहीतरी, बाल्कनीतल्या कुंडीत सिगारेटची अकरा थोटकं. बाथरूममध्ये केस, पलंगावर चुरा, एका चादरीवर चहाचा डाग. दाराशी कचऱ्याच्या दोन पिशव्या नीट गाठ मारून ठेवलेल्या. सोफ्याचा पलंग उघडलेला आणि ओले टॉवेल सहा. तीनला पुढचे पाहुणे येणार होते. एका माणसाचं अडीच तासांचं काम पाच तासांचं झालं होतं, म्हणून मीही बाह्या सरसावल्या आणि दोघांनी मिळून ते तीनपर्यंत कसंबसं उरकलं.

त्या संध्याकाळी मी पहिला मजकूर लिहिला तो असा: ‘अत्यंत बेजबाबदार आणि घाणेरडे लोक. घराचा उकिरडा केला. कोणीही यांना थारा देऊ नये.’ सकाळी तो वाचून माझीच मला लाज वाटली आणि मी दुसऱ्या टोकाला गेलो: ‘छान कुटुंब, बोलायला गोड, पुन्हा अवश्य या.’ या दोन मजकुरांमध्ये अधिक खोटा कोणता? पहिल्यात निदान रागाचा तरी खरेपणा आहे. पण पुढच्या यजमानाला दोन्ही सारखेच निरुपयोगी. ‘घाणेरडे’ म्हणजे काय? एकाला न घासलेली कपबशी घाणेरडी वाटते, दुसऱ्याला भिंतीवरचे डागही चालतात. विशेषणात लिहिणाऱ्याची मोजपट्टी दडलेली असते आणि वाचणाऱ्याला ती दिसत नाही. ‘वाळलेली भांडी, करपलेली शेगडी, सफाईला दुप्पट वेळ’ असं म्हटलं की ज्याची मोजपट्टी त्याच्याजवळ राहते.

इथे विरोधकांचा सगळ्यात पक्का मुद्दा समोर येतो आणि तो मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. पाहुण्याने सफाईचे पैसे वेगळे भरलेले असतात. मग घर झाडून-पुसून द्यायची अपेक्षा कशाला? खरंच कशाला? काही यजमान सफाईचं शुल्कही घेतात आणि निघताना चादरी काढा, मशीन लावा, फरशी पुसा अशी कामांची यादीही हातात देतात. त्यांच्या अभिप्रायातल्या कुरकुरीला कवडीचीही किंमत देऊ नये. म्हणूनच मी त्या घरात सापडलेल्या गोष्टींची आधी वाटणी केली. केस, चुरा, ओले टॉवेल, चहाचा डाग, कचऱ्याच्या पिशव्या हा राहण्याचाच भाग आहे. चार माणसं तीन रात्री राहिल्याची ती खूण आहे आणि तिच्यासाठीच शुल्क घेतलेलं आहे. त्यातलं एकही अक्षर तक्रार म्हणून अभिप्रायात जाता कामा नये. चादरीवरच्या डागाबद्दल तारे कापणारा यजमान मला कळत नाही. त्याने चादरी बिछान्यासाठी ठेवल्यात की प्रदर्शनासाठी?

पण शुल्क भरलं म्हणजे कितीही पसारा विकत घेतला, हे कुठून आलं? शुल्क नेहमीच्या वेळाचं असतं. माझ्याकडे तो वेळ अडीच तास आहे आणि हा आकडा मला ठाऊक आहे, कारण बाईंना त्याच हिशेबाने पैसे द्यावे लागतात. घर किती घाण होतं यावर वाद घालता येतो, पाच तास लागले यावर येत नाही. ज्याला आपल्या घराच्या सफाईचा नेहमीचा वेळ सांगता येत नाही, त्याने स्वच्छतेचे तारे देण्याआधी तो मोजायला शिकावं. अडीचाचे तीन झाले तर गप्प बसावं, एवढा फरक कोणाच्याही वापरात पडतो. दुप्पट झाला तर सांगावं, आणि का झाला तेही सांगावं.

नियमांचंही असंच. बुकिंग करण्याआधी जो पाहुण्याला वाचता आला तोच नियम. आत आल्यावर फ्रिजवर चिकटवलेल्या कागदात पहिल्यांदा दिसणारं ‘बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत’ ही यजमानाची हौस आहे. ते मोडलं म्हणून साक्ष द्यायला उठू नये. आणि नियम मोडला हे सांगणं म्हणजे अर्धीच साक्ष झाली. सांगितल्यावर काय झालं, हा उरलेला अर्धा भाग, आणि पुढच्या यजमानाला त्याचाच उपयोग जास्त. रात्री गाणी लावणारे अनेक असतात. निरोप मिळताच दहा मिनिटांत बंद करणारे वेगळे आणि दार न उघडणारे वेगळे. माझ्या त्या पाहुण्याने गाणी बंद केली होती. ते गाळून नुसता ‘दहानंतर गोंगाट’ लिहिला असता तर प्रत्येक शब्द खरा असूनही साक्ष खोटी ठरली असती.

आता सहा टॉवेल. याच मुद्द्यावर माझं इतर यजमानांशी सगळ्यात जास्त भांडण होतं. चारांचं बुकिंग, सहा ओले टॉवेल, उघडलेला सोफा; म्हणजे सहा जण राहिले, हे उघड नाही का? मला तसं वाटलं, आजही वाटतं. मी निरोप पाठवून विचारलंही. ‘दोन मित्र भेटायला आले होते,’ एवढं उत्तर आलं. ते रात्री राहिले का, याला उत्तर आलं नाही. मग मी काय पाहिलं होतं? टॉवेल पाहिले, सोफा पाहिला. माणसं पाहिली नव्हती. एकाने दोन टॉवेल वापरले असतील, कोणाला घोरण्यामुळे सोफ्यावर झोपावं लागलं असेल. अंदाज बरोबर असण्याची शक्यता मोठी असली तरी तो अंदाजच. ‘बुकिंगपेक्षा जास्त माणसं ठेवली’ हा आरोप पुढच्या यजमानाला नकार द्यायला पुरेसा असतो. तो टॉवेल मोजून करायचा नसतो. मी ते वाक्य लिहिलं नाही. मित्र मला भित्रा म्हणाले. असेन. पण थोटकांबद्दल मी बिनदिक्कत लिहिलं, कारण ती कुंडी पाहुणे येण्याच्या दिवशी रिकामी होती आणि घर तयार झाल्यावर काढलेल्या फोटोत तशी दिसते. फोटोंचं महत्त्व सगळे सांगतात, पण काढतात ते पाहुणा गेल्यानंतरचे. आधीचा फोटो नसेल तर नंतरच्या फोटोने फक्त थोटकं आहेत एवढं सिद्ध होतं. ती कोणाची, हे नाही.

शेवटी जो मजकूर गेला तो असा: ‘चार जण, तीन रात्री. बोलणं सौजन्याचं, निरोपाला उत्तर लगेच. दुसऱ्या रात्री दहानंतर बाल्कनीत गाणी चालू होती, कळवल्यावर दहा मिनिटांत बंद केली. जाताना कचरा बांधून ठेवला होता. वापरलेली भांडी आणि शेगडी घासलेली नव्हती. धूम्रपानाला मनाई असलेल्या बाल्कनीत सिगारेटची अकरा थोटकं मिळाली. अकराऐवजी बारा वीसला, न कळवता निघाले. सफाईला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. मोडतोड काही नाही.’ स्वच्छतेला तीन तारे, नियमांना तीन, संवादाला चार. यात एक शिवी नाही आणि एक गोड शब्दही उगाच नाही.

दुसरा वजनदार आक्षेप बळाच्या विषमतेचा आहे. यजमान धंदा करतो, पाहुणा वर्षातून दोनदा फिरायला जातो. हिशेब करून पाहा. ज्या घराला 80 अभिप्राय आहेत आणि सरासरी 4.9 आहे, त्याला एखाद्याने एकच तारा दिला तर सरासरी 4.85 वर येते. ज्या पाहुण्याला आतापर्यंत दोनच अभिप्राय मिळाले आहेत, दोन्ही पाच ताऱ्यांचे, त्याला तिसऱ्याने दोन तारे दिले की तो थेट 4 वर. तीच चूक, पण एकाला ओरखडा आणि दुसऱ्याला जखम. त्यात या व्यासपीठांवर तारे आधीच फुगलेले आहेत. 2015 साली झेर्वास, प्रोसर्पिओ आणि बायर्स या संशोधकांनी एअरबीएनबीवरची सहा लाखांहून अधिक घरं तपासली, तेव्हा त्यातल्या सुमारे 95 टक्के घरांची सरासरी 4.5 किंवा 5 तारे निघाली. ते आकडे घरांचे होते, पाहुण्यांचे नव्हेत. पण जिथे जवळजवळ सगळेच पाचाच्या आसपास असतात तिथे चार म्हणजे नापसंती, हे दोन्हीकडे लागू पडतं. हा आक्षेप मला खोडून काढता येत नाही. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? लिहूच नये, हा नाही. आकड्यावर विसंबू नये, हा निघतो. तीन ताऱ्यांमागे भांडी होती की मारामारी, हे आकडा सांगत नाही, मजकूर सांगतो. ज्याच्या पदरी दोनच अभिप्राय आहेत त्याच्याबाबतीत तर मजकूर जास्त नेमका हवा, म्हणजे वाचणाऱ्याला ‘एवढंच ना, मला चालेल’ असं म्हणता येईल. माझा मजकूर वाचून ज्याच्या बाल्कनीत धूम्रपान चालतं असा यजमान त्या कुटुंबाला आनंदाने हो म्हणू शकतो. ‘बेजबाबदार लोक’ वाचून कोण म्हणेल?

तिसरा आक्षेप इतिहासातून येतो आणि विरोधक तो फारसा वापरत नाहीत याचं मला नवल वाटतं. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाने 1996 मध्ये खरेदीदार आणि विक्रेते यांनी एकमेकांविषयी शेरे लिहायची सोय केली. बारा वर्षं ती दोन्ही बाजूंनी चालली आणि 2008 मध्ये ईबेने विक्रेत्यांचा प्रतिकूल शेरा देण्याचा अधिकार काढून घेतला. का? विक्रेते सूड उगवत होते. खरेदीदाराने खरी तक्रार लिहिली की विक्रेता लगेच त्याच्या नावावर वाईट शेरा मारायचा, आणि या भीतीने खरेदीदार गप्प बसू लागले. मग घरांच्या बाबतीतही तोच धडा का घेऊ नये? याची कारणं दोन. ईबेवर शेरे लिहिताक्षणी दिसत, म्हणून जो नंतर लिहील त्याच्या हातात काठी. 2014 नंतर एअरबीएनबीवर दोघांची पाकिटं एकदमच फुटतात. रोग होता तो एकापाठोपाठ एक लिहिण्याचा, आणि त्याला औषध मिळालं. दुसरं कारण अधिक मुळातलं आहे. विक्रेत्याला पैसे मिळाले की खरेदीदार कसा आहे याच्याशी त्याचं फारसं देणंघेणं उरत नाही. यजमान मात्र पैसे घेऊन किल्ली देतो आणि खरी जोखीम तिथून सुरू होते. ज्याच्या हाती वस्तू परत येणार आहे त्याला आधीच्या वापरणाऱ्याचा अनुभव कळायला नको का?

ही पाकिटाची सोय यजमानच कधी कधी कशी बिघडवतात, तेही सांगायला हवं. एकमेकांना दिला जाणारा एक सल्ला असा: वाईट पाहुण्याबद्दल चौदाव्या दिवशी शेवटच्या काही मिनिटांत लिहा, म्हणजे आपल्याबद्दल अभिप्राय आल्याची सूचना मिळून त्याला लिहायची आठवण व्हायच्या आत मुदत संपेल. चलाखी चालतेही. पण तेरा दिवसांनी शेगडी आठवते का? आठवतो तो राग. आपल्या घरातली उणीव पाहुण्याने सांगू नये म्हणून स्वतःची साक्ष लांबवणाऱ्याला खरेपणाची बाजू घेता येत नाही. माझा रिवाज एक रात्र मध्ये जाऊ देऊन दुसऱ्या दिवशी लिहिण्याचा आहे. याहून वाईट म्हणजे सौदा: ‘फुटलेल्या काचेचे पैसे दे, नाहीतर अभिप्रायात लिहितो.’ ही सरळ धमकी आहे आणि व्यासपीठांच्या नियमांतही तिला मनाई आहे. नुकसानभरपाईची मागणी वेगळ्या खिडकीवर, फोटो आणि पावती जोडून करायची. दोन्हींची गाठ मारली की साक्षीदार खंडणीखोर होतो.

‘मग गोड लिहून मोकळं व्हावं, कशाला कोणाचं वाईट करा?’ हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात आळशी पक्ष. त्याला उत्तर इंग्लंडमध्ये दोनशे वर्षांपूर्वीच मिळालं होतं. तिथे घरगडी किंवा मोलकरीण नव्या घरी कामाला लागताना आधीच्या मालकाचं प्रशस्तिपत्र लागे. नको असलेला नोकर घरातून सुखासुखी जावा म्हणून मालक खोटी स्तुती लिहून देत, काही नोकर तर बनावट मालकही उभे करत. 1792 मध्ये तिथल्या संसदेने खोट्या प्रशस्तिपत्रांविरुद्ध कायदा केला आणि 20 पौंड दंड ठेवला. कारण ‘कशाला कोणाचं वाईट करा’ म्हणणारा वाईट करतच असतो, फक्त ते त्याच्या डोळ्यांआड, पुढच्या घरी होतं. हे उदाहरण पूर्णपणे लागू होत नाही, हे मान्य. नोकराची भाकरी त्या कागदावर अवलंबून होती, पाहुण्याची सुट्टीच अवलंबून आहे. पण नेमकं त्यामुळेच इथे खरं लिहायला अडचण कमी असायला हवी.

जर्मनीत काय झालं तेही पाहण्याजोगं आहे. तिथे नोकरी सोडताना मिळणारं प्रमाणपत्र खरं असावं आणि कर्मचाऱ्याच्या भल्याचा विचार करून लिहिलेलं असावं, अशा दोन्ही अपेक्षा न्यायालयांनी रुजवल्या. परिणाम? एक सांकेतिक भाषाच जन्माला आली. ‘सदैव आमच्या पूर्णतम समाधानाप्रमाणे काम केलं’ म्हणजे उत्तम. त्यातलं ‘सदैव’ आणि ‘पूर्णतम’ गळलं की माणूस खालच्या पायरीवर. बाहेरच्याला सगळी स्तुतीच वाटते. यजमानांचीही अशी एक भाषा तयार झाली आहे. ‘यांना हॉटेल अधिक सोयीचं पडेल’ म्हणजे नको रे बाबा. ती वाचून जुने यजमान डोळे मिचकावतात, नव्यांना काही कळत नाही आणि पाहुण्याला आपण काय चुकलो तेच समजत नाही. थोटकं लिहायला भीती वाटते म्हणून टोमणा लिहायचा, यात सौजन्य कुठे आहे?

आता तो आक्षेप, ज्याने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं. पाहुण्यांविषयी लिहिणं म्हणजे पूर्वग्रहांना व्यासपीठ देणं. ‘ही माणसं अशीच’, ‘यांच्या स्वयंपाकाचा वास’, असे शेरे पडतात, आणि स्वच्छतेच्या नावाखाली तिरस्कार चालून जातो. भेदभाव खरा आहे, यात शंका नको. एडलमन, लुका आणि स्विर्स्की या संशोधकांनी अमेरिकेतल्या पाच शहरांत एअरबीएनबीच्या यजमानांना सारख्याच विनंत्या निरनिराळ्या नावांनी पाठवल्या. 2017 मध्ये छापून आलेले त्यांचे निष्कर्ष असे, की आफ्रिकन-अमेरिकन वाटणाऱ्या नावाला होकार मिळण्याची शक्यता गोऱ्या वाटणाऱ्या नावापेक्षा सुमारे 16 टक्क्यांनी कमी होती. पण ही खाती नवी होती, त्यांच्यावर एकही अभिप्राय नव्हता. कुई, ली आणि झांग यांनी पुढचा प्रश्न विचारला आणि 2020 मध्ये उत्तर छापलं: अशा खात्यावर आधीच्या यजमानाचा एक जरी चांगला अभिप्राय असला, तरी दोन गटांतला फरक मोजता न येण्याइतका होतो. फार चांगला नसलेल्या अभिप्रायानेही भेदभाव कमी होतो. पाहुण्याने स्वतःच ‘मी नीटनेटका आहे’ असं लिहिल्याने मात्र होत नाही.

मी हे निष्कर्ष वाचून थोडा वेळ थांबलो होतो. माहिती नसते तिथे यजमान नाव आणि चेहरा वाचतो. ‘हे लोक राहून गेले, घर असं मिळालं’ एवढी दुसऱ्याची साक्ष मिळाली की नावावरून अंदाज बांधायची गरज उरत नाही. मग पाहुण्यांविषयी लिहूच नका म्हणणारा कोणाचं रक्षण करतो? ज्याच्या नावाला आपोआप विश्वास मिळतो त्याला अभिप्रायाची गरज कमीच असते. ज्याला मिळत नाही, त्याच्याजवळ तेवढंच भांडवल आहे. म्हणून चांगल्या पाहुण्याबद्दल ‘छान होते’ लिहून भागत नाही, आणि काही तक्रार नव्हती म्हणून लिहायचं राहून गेलं, हे तर त्याहून वाईट. ‘वेळेवर निघाले, भांडी घासलेली, नियम सगळे पाळले, सफाईला नेहमीचा वेळ’ या चार तुकड्यांना एक मिनिट लागतं. आळस करणाऱ्या यजमानांनी एवढं जरी केलं तरी या वादाची धार निम्मी होईल.

आणि हो, पूर्वग्रह रोखायची सोयही याच शिस्तीत आहे. वासाबद्दल, कपड्यांबद्दल, भाषेबद्दल, कोण कोणासोबत राहिलं याबद्दल लिहायला साक्षीत जागाच नाही, कारण त्यातलं काहीही घराच्या नियमांत नसतं. केराच्या टोपलीत काय सापडलं, औषधं कोणती, रडण्याचा आवाज आला होता का, हेही नाही. घर आपलं असलं तरी त्या तीन रात्री त्यांच्या होत्या. ‘पुढच्या वेळी शेगडीवर सांडलं तर ओलं फडकं ठेवा, करपल्यावर निघत नाही’ असली सूचना खासगी निरोपात जाते. मी ती पाठवली, आणि टॉवेलांचा प्रश्नही तिथेच एकदा पुन्हा विचारला.

सहाव्या दिवशी दोघांची पाकिटं फुटली. त्याच्या अभिप्रायात गाण्यांचा किंवा शेजाऱ्यांचा उल्लेख नव्हता. घर फोटोत दाखवल्यासारखं आहे, किल्लीच्या पेटीचा आकडा पहिल्या दोन वेळा लागला नाही, आणि बाथरूममधलं पाणी तुंबतं, अंघोळ संपेपर्यंत घोट्याला लागतं, असं त्याने लिहिलं होतं. स्वच्छतेला त्याने मला चार तारे दिले होते. केस त्यांचेच असणार, असं उत्तर मी मनात तयारही केलं. मग जाऊन नळ सोडला आणि पाच मिनिटं उभा राहिलो. त्या बाथरूममध्ये तेव्हा तीन दिवस कोणी अंघोळ केली नव्हती, तरी पाणी घोट्यापर्यंत आलं. जाळी काढल्यावर आत महिनोन्‌महिन्यांचा गोळा होता. टॉवेलांविषयीच्या माझ्या प्रश्नाला मात्र उत्तर आलं नाही.